फोन न उचलणाऱ्यांचा हिशोब : टेलिफोन सर्वेक्षणातला नॉनरिस्पॉन्स बायस आणि भारांकन

नोव्हेंबर २०१६ मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांत ट्रंप जिंकले. प्रत्येक राज्यातलं मताधिक्य एका टक्क्याहूनही कमी होतं. राज्यपातळीवरच्या बहुतेक चाचण्या मात्र तिथे क्लिंटन पुढे असल्याचं सांगत होत्या. त्याच वेळी देशपातळीवरच्या चाचण्या चुकल्या नव्हत्या. एकूण मतांत क्लिंटन सुमारे दोन टक्क्यांनी पुढे राहिल्या आणि चाचण्यांचा अंदाजही त्याच्या आसपासच होता.

अमेरिकेतल्या जनमत संशोधकांच्या संघटनेने, म्हणजे आपोरने, मे २०१७ मध्ये या चुकीची तपासणी प्रसिद्ध केली. काही मतदारांनी अगदी शेवटच्या आठवड्यात निर्णय घेतला होता, हे एक कारण निघालं. दुसरं कारण आपल्या विषयाचं आहे. पदवीधर माणसं सर्वेक्षणाला जास्त उत्तरं देतात. त्या वर्षी पदवीधरांचा कल क्लिंटन यांच्याकडे होता. भार लावणं म्हणजे ज्या गटातले लोक सॅम्पलमध्ये कमी आले त्यांची उत्तरं जास्त मोजायची आणि जे जास्त आले त्यांची कमी. राज्यांतल्या अनेक चाचण्यांनी वय, लिंग, वंश यांनुसार भार लावले, पण शिक्षणानुसार लावले नाहीत.

आधीच्या निवडणुकीतही पदवीधर जास्त उत्तरं देत होतेच. तेव्हा गाडी अडली नाही, कारण २०१२ मध्ये सर्वांत कमी शिकलेले आणि सर्वांत जास्त शिकलेले असे दोन्ही टोकांचे मतदार ओबामांकडे झुकलेले होते. शिक्षण आणि मत यांचं नातं सरळ रेषेचं नव्हतं, त्यामुळे पदवीधर जास्त आले तरी बेरीज फारशी बिघडली नाही. २०१६ मध्ये ते नातं सरळ झालं आणि अनेक वर्षं निरुपद्रवी असलेली चूक अंगाशी आली. माझ्या मते भारांकन शिकणाऱ्याने सुरुवात इथून करावी. कोण उत्तर देत नाही एवढं पाहून भागत नाही. उत्तर न देण्याचा आपल्या प्रश्नाशी काही संबंध आहे का, हेही पाहावं लागतं. तसा संबंध असला की आकडा खऱ्यापासून एका बाजूला सरकतो, आणि त्यालाच नॉनरिस्पॉन्स बायस म्हणतात.

पहिली पायरी : कॉलचा हिशोब नीट ठेवा

भारांकनाचं काम कॉम्प्युटरवर सुरू होत नाही, कॉलच्या नोंदवहीत सुरू होतं. प्रत्येक नंबरचं शेवटी काय झालं, ते वेगवेगळं लिहून ठेवावं लागतं: मुलाखत पूर्ण झाली, मध्येच तुटली, नकार आला, रिंग वाजून थांबली, नंबर अस्तित्वातच नव्हता. या सगळ्यांना ‘नाही झालं’ असा एकच शेरा मारला, की पुढे कुठली गळती कशामुळे झाली हे कधीच कळत नाही.

समजा आपण २०,००० नंबर फिरवले. (इथून पुढचे उदाहरणाचे सगळे आकडे हिशोब समजावा म्हणून मी घेतलेले आहेत.) त्यातले ६,००० बंद किंवा चुकीचे निघाले. ३,००० जणांनी उचलून नकार दिला किंवा फोन ठेवला. १,००० मुलाखती पूर्ण झाल्या. उरलेले १०,००० कितीही वेळा लावले तरी कोणी उचललेच नाहीत.

आता प्रतिसादाचं प्रमाण किती? न उचललेले सगळे नंबर चालू धरले, तर १४,००० मध्ये १,००० म्हणजे ७.१ टक्के. पण त्यातले बरेच मुळात बंदच असतील. ज्यांचा निकाल लागला अशा १०,००० नंबरांपैकी ४,००० चालू निघाले, म्हणजे ४० टक्के. न उचललेल्यांनाही हेच प्रमाण लावलं तर त्यातले ४,००० खरे चालू, एकूण चालू ८,०००, आणि प्रतिसाद १२.५ टक्के. दोन्ही आकडे प्रामाणिक आहेत, फक्त कुठला घेतला ते सांगायला हवं. फसवा आहे तो तिसरा: उचललेल्या ४,००० पैकी १,००० बोलले म्हणून ‘२५ टक्के प्रतिसाद’. यात न उचलणारे हिशोबातूनच गायब होतात.

इतका कमी प्रतिसाद बघून घाबरायचं कारण नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेच्या टेलिफोन सर्वेक्षणांत १९९७ साली ३६ टक्के असलेलं हे प्रमाण २०१८ पर्यंत ६ टक्क्यांवर आलं होतं.

नोंदवहीत आणखी एक गोष्ट हवी, ती म्हणजे फोनवर शेवटी बोललं कोण. आपल्याकडे फोन सर्वेक्षण केलेल्या प्रत्येकाने हे ऐकलेलं असतं. बाई फोन उचलतात, दोन वाक्यं ऐकतात आणि म्हणतात, “थांबा हं, ह्यांना देते.” पुढची वीस मिनिटं ‘हे’ बोलतात. मुलाखत पूर्ण झाल्याची खूण पडते, पण निवडलेली व्यक्ती हातातून गेलेली असते. ही गळती नकारात मोडत नाही, म्हणून तिच्यासाठी वेगळा रकाना ठेवा. शिवाय ज्या बाईकडे स्वतःचा फोनच नाही, ती या कुठल्याच रकान्यात येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार, म्हणजे एनएफएचएस-५ नुसार, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या साधारण ५४ टक्के महिलांकडेच स्वतः वापरायचा मोबाइल होता. बाकीच्या महिला नंबरांच्या यादीतच नाहीत. हा व्याप्तीचा प्रश्न आहे. नॉनरिस्पॉन्सचा प्रश्न त्याहून वेगळा, आणि दोन्ही एकाच भारात कोंबले की कशाचं काय दुरुस्त झालं ते सांगता येत नाही.

दुसरी पायरी : बायस नेमका येतो कुठून ते ओळखा

सूत्र छोटं आहे. RR म्हणजे प्रतिसादाचं प्रमाण, Yr म्हणजे उत्तर देणाऱ्यांची सरासरी आणि Yn म्हणजे न देणाऱ्यांची:

```
bias = (1 - RR) * (Yr - Yn)
```

प्रतिसाद १० टक्के आहे, पण बोलणारे आणि न बोलणारे यांच्यात फक्त २ टक्क्यांचा फरक आहे, तर बायस १.८ टक्के. दुसऱ्या सर्वेक्षणात प्रतिसाद तब्बल ६० टक्के, पण फरक ८ टक्क्यांचा, तर बायस ३.२ टक्के. जास्त प्रतिसादाचं सर्वेक्षण इथे जास्त चुकलं. बायस सर्वेक्षणाला चिकटलेला नसतो, प्रश्नाला चिकटलेला असतो. एकाच सर्वेक्षणात ‘घरात किती माणसं’ याचं उत्तर बरोबर येऊ शकतं आणि ‘तुम्ही स्वयंसेवी काम करता का’ याचं साफ चुकू शकतं. अनोळखी माणसाला वीस मिनिटं देणारा माणूस समाजकार्यालाही जास्त वेळ देतो.

अडचण एवढीच, की Yn आपल्याला माहीत नसतं. ते माहीत असतं तर सर्वेक्षणाची गरजच नव्हती. भारांकन म्हणजे त्या Yn बद्दल केलेला एक ठराविक अंदाज.

तिसरी पायरी : मूळ भार आधी

लोकसंख्येशी जुळवाजुळव करण्याआधी निवड होण्याच्या शक्यतेचा हिशोब मिटवायचा. नंबर यादृच्छिक काढले असतील, तर दोन सिम बाळगणारा माणूस सापडण्याची शक्यता दुप्पट, म्हणून त्याचा भार निम्मा. एकच फोन घरातले तीन प्रौढ वापरतात आणि आपण त्यातला एक चिठ्ठी टाकून निवडला, तर त्याचा भार तिप्पट. त्यासाठी ‘तुम्ही किती नंबर वापरता’ आणि ‘हा फोन आणखी कोण वापरतं’ हे दोन प्रश्न प्रश्नावलीत असावे लागतात. ते राहिले तर नंतर काही करता येत नाही.

चौथी पायरी : कशावर भार लावायचा

जो घटक उत्तर देण्याशीही जोडलेला आहे आणि आपल्या मुख्य प्रश्नाशीही जोडलेला आहे, तोच बायस कमी करतो. फक्त उत्तर देण्याशी जोडलेला घटक घेतला तर बायस हलत नाही, उलट आकड्यांची अस्थिरता तेवढी वाढते. २०१६ मध्ये शिक्षण दोन्ही बाजूंनी जोडलेलं होतं, आणि नेमकं तेच सुटलं.

घटक ठरला की त्याचं खरं प्रमाण विश्वासाच्या ठिकाणाहून आणावं लागतं. अमेरिकेत ते जनगणना खात्याच्या वार्षिक सर्वेक्षणातून मिळतं. आपल्याकडे २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेल्यामुळे २०११ चे आकडे जुने झाले आहेत, म्हणून शिक्षण किंवा वयाचं प्रमाण रोजगाराची माहिती गोळा करणाऱ्या पीएलएफएस किंवा एनएफएचएससारख्या घरोघरच्या मोठ्या सर्वेक्षणांतून घेणं बरं. मात्र प्रश्न त्यांच्याच शब्दांत विचारा. तुम्ही ‘शिक्षण किती?’ विचारलं आणि कोणी ‘बी.ए. पर्यंत’ म्हणालं, तर ते पदवीधर की शेवटच्या वर्षी सोडलेले? तिकडच्या तक्त्यात ‘पदवी पूर्ण’ असं असेल आणि तुमच्या यादीत दोन्ही एकत्र असतील, तर तुम्ही काळजीपूर्वक चुकीचा भार लावाल.

पाचवी पायरी : रेकिंग, हाताने करून पाहू

आता त्या १,००० मुलाखती उघडू. मूळ भार सगळ्यांचा १ धरू. दोन घटक आहेत, शिक्षण आणि वय, आणि मुख्य प्रश्न ‘अ’ या उमेदवाराला पाठिंबा आहे का हा.

सॅम्पलमध्ये ४५ च्या आतले पदवीधर १५० आहेत आणि त्यांच्यात अ ला ६५ टक्के पाठिंबा आहे. ४५ आणि पुढचे पदवीधर ३५०, पाठिंबा ५५ टक्के. पदवी नसलेले तरुण १००, पाठिंबा ५२ टक्के. पदवी नसलेले वयस्क ४००, पाठिंबा ४२ टक्के. सगळ्यांना सारखं मोजलं तर अ ला ५१ टक्के.

लोकसंख्येत मात्र पदवीधर ३२ टक्के आहेत (सॅम्पलमध्ये ५०) आणि तरुण ४५ टक्के आहेत (सॅम्पलमध्ये २५).

आधी २०१६ सारखं करून बघू, म्हणजे फक्त वयावर भार. तरुणांना ०.४५ भागिले ०.२५ म्हणजे १.८, वयस्कांना ०.५५ भागिले ०.७५ म्हणजे ०.७३. अ चा पाठिंबा ५३.३ टक्के येतो. भार लावण्याआधी ५१ होता, आता तो आणखी वर गेला. का? तरुणांत अ चा पाठिंबा मुळातच जास्त आहे, म्हणून त्यांचा वाटा वाढला की आकडाही वाढतो. शिवाय सॅम्पलमधल्या तरुणांत पदवीधर जास्त आहेत. तरुणांना वर ओढताना पदवीधरही वर ओढले गेले आणि त्यांचा वाटा ५० वरून ५२.७ टक्के झाला. फक्त शिक्षणावर भार लावला, तर याच्या उलट ४८.५ टक्के येतो.

दोन्ही एकत्र जुळवायची रीत म्हणजे रेकिंग. ही कल्पना डेमिंग आणि स्टीफन यांनी १९४० साली अमेरिकेच्या जनगणनेच्या कामातून मांडली. आधी शिक्षण जुळवायचं. पदवीधरांना ०.६४, बाकीच्यांना १.३६. चार गट आता ९६, २२४, १३६ आणि ५४४ असे झाले. शिक्षण बरोबर बसलं, पण तरुण २३२ च आहेत आणि हवेत ४५०. मग वय जुळवायचं. तरुण गटांना ४५० भागिले २३२, वयस्क गटांना ५५० भागिले ७६८. गट होतात साधारण १८६, १६०, २६४ आणि ३९०. वय बसलं, पण पदवीधर ३२० ऐवजी ३४७ झाले. पुन्हा शिक्षण, पुन्हा वय. तिसऱ्या फेरीत आकडे थांबतात: १७३, १४७, २७७, ४०३. दोन्ही बेरजा एकदम जुळतात.

या भारांनी अ चा पाठिंबा येतो ५०.७ टक्के. भार न लावता ५१ होता, म्हणजे जवळपास तोच! तेव्हा पदवीधर जास्त असल्याची चूक आणि तरुण कमी असल्याची चूक एकमेकींना खात होत्या. आपण फक्त वयाची चूक काढली, तर शिक्षणाची मोकळी सुटली. अर्धवट भारांकन हे भारांकन न करण्यापेक्षा वाईट ठरू शकतं, हे मी दर वेळी शिकाऊ मुलांकडून हातानेच करून घेतो. सूत्र वाचून हे पटत नाही.

R मध्ये हेच काम इतक्यात होतं:

```r
library(survey)
d   <- svydesign(ids = ~1, weights = ~base_wt, data = s)
edu <- data.frame(edu = c("G","N"), Freq = c(320, 680))
age <- data.frame(age = c("Y","O"), Freq = c(450, 550))
r   <- rake(d, list(~edu, ~age), list(edu, age))
svymean(~support, r)
w <- weights(r)
sum(w)^2 / sum(w^2)
```

सहावी पायरी : किंमत मोजा

कोडची शेवटची ओळ महत्त्वाची आहे. चार गटांतल्या एकेका माणसाचा भार आता बघा: १.१५, ०.४२, २.७७, १.०१. पदवी नसलेल्या शंभर तरुणांपैकी प्रत्येक जण जवळजवळ पावणेतीन माणसांच्या वतीने बोलतोय. त्यातल्या दहा जणांनी घाईत भलतंच उत्तर दिलं, तरी एकूण आकडा पावणेतीन टक्क्यांपर्यंत हलू शकतो.

किश यांच्या सूत्राने, म्हणजे भारांच्या बेरजेच्या वर्गाला भारांच्या वर्गांच्या बेरजेने भागून, प्रभावी सॅम्पल ६९७ येतं. मुलाखती हजार झाल्या, पण अचूकता साधारण सातशे जणांची. मार्जिन ऑफ एरर ३.१ वरून ३.७ टक्क्यांवर जातं. अहवालात ‘१,००० जणांचं सर्वेक्षण, ३.१ टक्के मार्जिन’ असं छापलं, तर ते चूक आहे.

मोठ्या भारांना वरून कात्री लावायची, म्हणजे ट्रिमिंग करायचं, असा उपाय सर्रास केला जातो. समजा कमाल भार २ ठरवला. मग त्या तरुणांचा वाटा २७७ वरून २०० वर येतो. आकडा स्थिर होतो आणि काढलेला बायस थोडा परत येतो. कात्री कुठे लावावी याचा नियम नाही. मी आधी सगळ्या भारांची यादी काढतो आणि सर्वांत मोठे वीस भार कोणाचे आहेत ते बघतो. ते सगळे एकाच गटातले निघाले, तर कात्रीपेक्षा त्या गटाचे आणखी पन्नास कॉल करणं स्वस्त पडतं. म्हणूनच रेकिंग फील्डवर्क संपायच्या आत, अर्ध्यावर असताना एकदा करून बघावं.

सातवी पायरी : काय उरलं ते शोधा

भार लावल्यावर शिक्षण आणि वय नेमके जुळतात. यावरून काहीही सिद्ध होत नाही, कारण ते जुळावेत म्हणूनच तर भार लावले. तपासायचं ते भारांकनात न वापरलेल्या गोष्टींवर. मोठ्या सरकारी सर्वेक्षणातले दोन-तीन प्रश्न, उदाहरणार्थ घरात किती माणसं राहतात, घर स्वतःचं की भाड्याचं, तुमच्या प्रश्नावलीत जसेच्या तसे घाला आणि भार लावून आलेलं उत्तर तिकडच्या आकड्याशी ताडून बघा. प्यूने २०१२ मध्ये असंच केलं होतं. बऱ्याच गोष्टी सरकारी आकड्यांशी नीट जुळल्या, पण स्वयंसेवी काम करणाऱ्यांचं प्रमाण भार लावूनही जवळपास दुप्पट आलं. म्हणजे मालकीच्या घराबद्दल हे सर्वेक्षण विश्वासाचं, सामाजिक सहभागाबद्दल नाही.

दुसरी तपासणी कॉलच्या नोंदवहीतून होते. पहिल्याच कॉलला बोललेले आणि पाचव्या-सहाव्या कॉलला सापडलेले, यांचा पाठिंबा एकाच गटाच्या आत वेगळा आहे का? पदवी नसलेल्या वयस्कांत पहिल्या कॉलवाले ४४ टक्के आणि उशिरा सापडलेले ३८ टक्के असतील, तर अजिबात न सापडलेले कुठे असतील याचा रोख कळतो. उशिरा सापडलेला माणूस न सापडलेल्यासारखाच असेल, असं खात्रीने म्हणता येत नाही, पण दिशा तरी दिसते.

कारण भारांकनाचं गृहीतक एकच आहे: एका गटाच्या आत बोलणारा आणि न बोलणारा सारखे आहेत. २०२० मध्ये ते ढासळलं. २०१६ नंतर शिक्षणावर भार लावायला अनेकांनी सुरुवात केली होती, तरीही शेवटच्या दोन आठवड्यांतल्या राष्ट्रीय चाचण्यांनी बायडेन यांची आघाडी सरासरी ३.९ टक्क्यांनी जास्त दाखवली. ही चाळीस वर्षांतली सर्वांत मोठी चूक होती. आपोरच्या समितीला वय, शिक्षण, वंश यांची प्रमाणं सुधारूनही ती भरून काढता आली नाही. एक शक्यता अशी, की एकाच वयाच्या आणि एकाच शिक्षणाच्या रिपब्लिकन मतदारांतही जे चाचणीवाल्यांशी बोलले ते न बोललेल्यांपेक्षा वेगळे होते. न बोललेल्यांची माहिती हाती नसल्यामुळे समितीने तसा ठाम निष्कर्ष काढला नाही. असं काही झालं तर ते रेकिंगला दिसत नाही. त्याच्या दृष्टीने सगळ्या बेरजा जुळलेल्या असतात.

आपल्या उदाहरणात हे घालून बघा. पदवी नसलेल्या वयस्कांत खरा पाठिंबा ४२ ऐवजी ३८ टक्के असेल, आणि हा गट एकूण ४० टक्के आहे, तर अ चा आकडा १.६ टक्क्यांनी उतरतो आणि ५०.७ चा ४९.१ होतो. म्हणून मी अहवालात ५०.७ च्या खाली एक ओळ देतो: ‘सर्वांत मोठ्या गटातले न बोललेले लोक बोललेल्यांपेक्षा इतके वेगळे असतील, तर निकाल ४९.१ पर्यंत जाऊ शकतो.’ शेजारी उशिरा सापडलेल्यांचा ३८ टक्क्यांचा आकडा आणि तो किती मुलाखतींवर आधारलेला आहे तेही लिहितो.